पोट साफ होत नाही? आधी गोळ्यांची पिशवी चादरीवर ओता

चार दिवस पोट साफ झालं नाही की घरात सल्ले सुरू होतात. मुलगा इसबगोल आणतो, शेजारच्या काकू एरंडेल सांगतात, मेडिकलवाला चूर्णाची डबी पुढे करतो. सत्तरी ओलांडलेल्यांना वर हेही ऐकावं लागतं, "वय झालं आता, असंच चालायचं." वयानुसार आतडी थोडी मंदावतात हे खरं, पण वय काही एका महिन्यात वाढत नाही. गणपतीपर्यंत रोज सकाळी व्यवस्थित जाणारा माणूस दिवाळीला चार-चार दिवस अडकत असेल, तर मधल्या काळात काय बदललं ते शोधायला हवं. माझ्या दवाखान्यात हा शोध पुष्कळदा औषधांच्या पिशवीत संपतो.

बद्धकोष्ठ करणारी औषधं बरीच आहेत. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं ही नावं बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतात. मी इथे मुख्यतः दोन गटांबद्दल लिहितो, कारण त्यांच्यावर संशयच घेतला जात नाही: नैराश्यावरची औषधं आणि बीपीच्या काही गोळ्या. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. वाचून झाल्यावर कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

पिशवी ओतणे

एका दुपारी बिछान्यावर चादर पसरा आणि घरातल्या ज्येष्ठांची सगळी औषधं तिच्यावर ओता. फक्त चालू चिठ्ठीतली नको. उशाखालची, देवघराच्या कोनाड्यातली, प्रवासाच्या पर्समधली, सर्दीची, खोकल्याची बाटली, ॲसिडिटीचं गुलाबी औषध, चूर्ण, काढा, भाचीने आणून दिलेल्या गोळ्या, सगळं. "ते औषध नाही, ते आयुर्वेदिक आहे" असं म्हणून बाजूला ठेवलेली डबीही आत घ्या.

आता प्रत्येक पाकिटावरचं मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा. मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, घटक बारीक अक्षरांत असतात. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन घटक एकत्र असणं फार सामान्य आहे, त्यामुळे 'एकच गोळी' घेणारा माणूस खरं तर तीन औषधं घेत असतो. चश्म्यानेही वाचता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. पट्टी कापलेली असेल आणि नाव गेलं असेल तर ती घेऊन मेडिकलमध्ये जा. अंदाजाने लिहू नका.

एका कागदावर पाच रकाने आखा: घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी आणि कोणी दिली, आणि कधीपासून. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. तारीख आठवत नसेल तर जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं काढा, किंवा घरातल्या प्रसंगांवरून जोडा: नातवाच्या मुंजीआधी की नंतर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी होती का. डोस वाढवल्याची तारीखही नवीन गोळीसारखीच लिहायची. मग शेवटी, पोटाचा त्रास ज्या महिन्यात सुरू झाला, तिथे लाल रेघ मारा. त्या रेघेच्या आधीच्या सहा-आठ आठवड्यांत काय सुरू झालं किंवा वाढलं, तिथून शोध सुरू होतो.

कोणी 'नैराश्याची' म्हणत नाही ती गोळी

"नैराश्याचं औषध घेता का?" असं विचारलं तर बहुतेक आजी-आजोबा नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. अमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन ही मुळात नैराश्यासाठी आलेली औषधं. पण आज आपल्याकडे ती पायांची आग, मुंग्या, नागिणीनंतरच्या वेदना, अर्धशिशी आणि झोप यांसाठी छोट्या डोसमध्ये सर्रास दिली जातात. घरात त्यांना 'नसांची गोळी' किंवा 'रात्रीची गोळी' म्हणतात. प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिनबरोबर नॉरट्रिप्टिलीन असलेली जोडगोळी तर फारच आढळते. अमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायाझेपॉक्साइड असलेली 'झोपेची' गोळीही जुन्या चिठ्ठ्यांत सापडते.

आतड्याच्या स्नायूंना 'ढकल' असा निरोप देणारं एक रसायन असतं, ॲसिटिलकोलीन. ही औषधं तो निरोप अडवतात. मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि त्याचा खडा होतो. हाच निरोप लाळेच्या ग्रंथींना आणि मूत्राशयालाही लागतो. म्हणून ओळखण्याची एक सोपी खूण मिळते: बद्धकोष्ठासोबत तोंडाला कोरड पडते का? भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, कवळी टाळूला चिकटते, लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो, अशा तक्रारी एकत्र दिसल्या तर या गटावर संशय घ्या. त्यात रात्री उठून गोंधळल्यासारखं बोलणं आलं, तर संशय आणखी पक्का.

इथे मात्रेचा हिशेब एकट्या गोळीचा नसतो. रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्या माणसाला वर्षभर काही होत नाही. मग 'सारखी लघवी लागते' म्हणून सॉलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं, किंवा सर्दी झाली म्हणून क्लोरफेनिरामिन असलेली गोळी येते, किंवा पोटात कळ आली म्हणून डायसायक्लोमिन. हे सगळे तोच निरोप अडवतात. प्रत्येक डॉक्टरने थोडंच दिलेलं असतं, पण आतड्यापर्यंत सगळ्यांची बेरीज पोहोचते.

नैराश्यासाठी जी औषधं आता जास्त वापरतात, त्यांतल्या सर्ट्रालीनने उलट काहींना पातळ होतं. पॅरोक्सेटीनमध्ये मात्र हा निरोप अडवण्याचा गुण त्याच्या भावंडांपेक्षा जास्त आहे. तेव्हा 'नैराश्याची औषधं' असा एकच शिक्का मारून चालत नाही.

बीपीच्या गोळ्या, आणि सुजेची साखळी

बीपीच्या गोळ्यांतही सगळ्या सारख्या नाहीत. सर्वांत ठळक अपराधी व्हेरापामिल. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, ते आत जाण्याची वाट हे औषध अडवतं आणि वाहिन्या सैलावतात. पण आतड्याच्या स्नायूंनाही तेच कॅल्शियम लागतं, त्यामुळे तेही सैलावतात. डिल्टियाझेमचा हाच गुण, जरा कमी. अॅमलोडिपिन त्याच घराण्यातलं, पण त्याने थेट बद्धकोष्ठ कमी वेळा होतं. त्याचा त्रास वळसा घालून येतो.

तो वळसा असा. अॅमलोडिपिनने, विशेषतः १० मिलिग्रॅमने, घोट्याला सूज येते. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते; वाहिन्या रुंदावल्याने बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. पण सूज दिसली की 'पाणी झालंय' असं समजून टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवीची गोळी सुरू होते. सूज फारशी उतरत नाही, पण शरीर कोरडं पडतं, पोटॅशियम घटतं आणि पोटॅशियम घटलं की आतड्याचे स्नायू ढिले होतात. मग पोटासाठी चूर्ण येतं. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती रोज आणि जास्त घेतली तर पोटॅशियम आणखी घटतं. एका गोळीचा दुष्परिणाम झाकायला दुसरी, तिचा झाकायला तिसरी. घरात मात्र प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच वाटतं.

क्लोनिडीन हे बीपीचं जुनं औषध अजून काही चिठ्ठ्यांत दिसतं. तेही बद्धकोष्ठ करतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्यांचा मात्र आतड्याच्या गतीशी सहसा संबंध येत नाही, म्हणून बदल करायचा झाला तर डॉक्टर बहुधा यांच्याकडे वळतात.

चौदा दिवसांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद करा. 'साफ होत नाही' या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. कोणाला रोज न होणं म्हणजे आजार वाटतो, कोणी आठवड्यातून दोनदा जाऊनही तक्रार करत नाही. रोज चार गोष्टी लिहा: शौचाला झाली की नाही, कुंथावं लागलं का, पोट पूर्ण मोकळं वाटलं का आणि मळाचा आकार कसा होता. आकारासाठी शास्त्रीय नावं नकोत. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, गाठी असलेला जाड दांडका, मऊ केळ्यासारखा, किंवा पातळ, इतकं पुरे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल किंवा बहुतेक वेळा खडेच पडत असतील, तर तक्रार खरी धरा.

सोबत त्या दिवशी कोणती जादा गोळी घेतली आणि बीपी किती होतं, तेही लिहा. घरी बीपीचं यंत्र असेल तर सकाळी आणि संध्याकाळी, बसून पाच मिनिटं शांत झाल्यावर मोजा, आणि एकदा उभं राहिल्यावर. गोळी बदलायची तर आधीचे आकडे हवेतच, नाहीतर बदलानंतर बीपी चढलं की पूर्वीपासून तसंच होतं, हे कळणार नाही.

वहीतली एक नोंद फसवी असते: अनेक दिवस काही नाही, आणि मग कपड्यांत थोडं थोडं पातळ. घरचे म्हणतात जुलाब लागले आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर गुदाशयात कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी दिली की अडकलेलं आणखी घट्ट होतं. अशा वेळी डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासणी करावी लागते. संकोच वाटतो, पण दोन मिनिटांत खुलासा होतो.

काही खुणा दिसल्या तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पोट फुगून दुखतंय, उलट्या होतात आणि वाराही सरत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लघवी अडली तरी तसंच. शौचातून रक्त, डांबरासारखा काळा चिकट मळ, वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, किंवा पन्नाशीनंतर सवयीत अचानक बदल झाला आणि औषधांच्या यादीत कारण सापडत नाही, अशा वेळी आतड्याची तपासणी करून घ्यायला हवी. लोहाच्या गोळीनेही मळ काळपट होतो, पण तो डांबरासारखा चिकट नसतो.

डॉक्टरांसमोर

यादी आणि वही घेऊन कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? जे सगळ्यांत जास्त गोळ्या देतात किंवा ज्यांना तुम्ही पूर्ण ओळखता, त्यांच्याकडे. हृदयाचे, हाडांचे आणि साखरेचे डॉक्टर वेगवेगळे असतील, तर सगळं एकत्र पाहणारा एक माणूस ठरवा. भेटीत "याने बद्धकोष्ठ होतं का?" इतकंच विचारलं तर उत्तर "होऊ शकतं" असं येईल आणि पुढे काही घडणार नाही. प्रत्येक संशयित गोळीबद्दल तीन प्रश्न विचारा. ही ज्या कारणासाठी सुरू केली, ते कारण आजही आहे का? डोस कमी करता येईल का? आणि याच कामाची, आतड्याला न छळणारी दुसरी गोळी आहे का?

आता सुरुवातीचा इशारा. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम काही जणांना बीपीसाठी नव्हे, हृदयाची धडधड आवरण्यासाठी दिलेलं असतं. ते थांबवलं की ठोके वेगाने धावू लागतात. टॉर्सेमाइड हृदय अशक्त झालेल्या माणसाला दिलेलं असेल तर थांबवल्यावर काही दिवसांत धाप लागते. क्लोनिडीन अचानक थांबवलं तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतं. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर मळमळ, घाम, झोप उडणं, आणि काही आठवड्यांनी मूळ आजार परत येऊ शकतो. त्या टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात, बऱ्याच वर्षांची आणि मोठ्या डोसची असेल तर महिनेही लागतात. ज्या माणसाचं नैराश्य त्या गोळीवर खरोखर आवरलं आहे, त्याची गोळी बद्धकोष्ठापायी काढण्यापेक्षा गोळी ठेवून पोटावर उपचार करणं बहुधा बरं. तो निर्णय मी दर वेळी वेगळा घेतो.

आणखी एक गोष्ट लघवीच्या गोळीवरच्या ज्येष्ठांसाठी. अमिट्रिप्टिलीनऐवजी सर्ट्रालीन किंवा एसिटॅलोप्राम दिलं तर पोट सुधारतं, पण लघवीच्या गोळीसोबत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. थकवा, चालताना तोल जाणं, गोंधळ ही त्याची लक्षणं. म्हणून बदलानंतर साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासून घ्यायची आठवण तुम्हीच करून द्या.

एका आजीची यादी

चार-पाच घरांतल्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण मांडतो. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह पंधरा वर्षांचा. अॅमलोडिपिन ५ मिलिग्रॅम कैक वर्षं चालू. जूनमध्ये बीपी वर म्हणून डोस १० केला. जुलैच्या शेवटी घोटे सुजले, ऑगस्टमध्ये टॉर्सेमाइड १० मिलिग्रॅम सुरू. सप्टेंबरच्या मध्यावर तळपायांची आग वाढली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिलं. ऑक्टोबरपासून चार दिवसांतून एकदा, तेही खडे. घरचं उत्तर होतं रोज रात्री चूर्ण. डिसेंबरात लघवीची धार उशिरा सुरू होऊ लागली आणि आजी रात्री कोणत्या घरात आहोत हे विसरू लागल्या. मुलगा यादी घेऊन आला तेव्हा त्याला स्मृतिभ्रंशाची भीती वाटत होती.

लाल रेघ ऑक्टोबरवर पडली. तिच्याआधी तीन बदल होते. रक्त तपासलं: पोटॅशियम ३.२, म्हणजे कमी; सोडियम आणि क्रिएटिनिन ठीक. हृदयाचा इको चांगला होता, पायांची सूज हृदयाची नव्हती. तीनही गोष्टी एकदम बदलण्याचा मोह होतो, पण मग कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आधी अॅमलोडिपिन पुन्हा ५ केलं आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडलं. सूज त्यानेही कमी होते, कारण टेल्मिसार्टन वाहिन्यांची दुसरी बाजू सैल करतं. त्याबरोबर टॉर्सेमाइड आणि चूर्ण थांबवलं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वर जाऊ शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. ४.२ निघालं, बीपी १३४/७८, घोट्यांची हाडं दिसू लागली. शौच मात्र तीन दिवसांवरच अडलेलं. म्हणजे मुख्य दोषी अजून पिशवीत होता.

मग अमिट्रिप्टिलीन. १० मिलिग्रॅमच होतं आणि तीनच महिने झाले होते, म्हणून एक आठवडा एक दिवसाआड देऊन थांबवलं. दहाव्या दिवशी आजी म्हणाल्या, "कवळी चिकटत नाही आता." दोन आठवड्यांनी शौच एक दिवसाआड, लघवी सुरळीत, रात्रीचा गोंधळ थांबला. पण तळपायांची आग परत आली, हेही लिहायला हवं. त्यासाठी गॅबापेंटिन १०० मिलिग्रॅम रात्री दिलं. पहिले चार दिवस गरगरलं, म्हणून रात्री एकटीने उठू नका असं सांगितलं. आग पूर्ण गेली नाही, निम्म्यावर आली. आजींना हा सौदा पटला. दुसऱ्या कोणाला पटला नसता.

तोवर पोटाचं काय

औषधं बदलेपर्यंत महिना-दोन महिने जातात, तेवढे दिवस पोट अडकवून ठेवायचं नाही. मी बहुधा लॅक्टुलोज १५ मिलिलिटर रात्री किंवा पॉलीइथिलीन ग्लायकोलची पावडर ग्लासभर पाण्यात देतो. दोन्ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोजने पहिले काही दिवस पोटात वारा धरतो. इसबगोल चांगलं, पण भरपूर पाण्यानेच आणि बसूनच घ्यायचं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, अंथरुणाला खिळलेल्यांनी आणि ट्रामाडोल घेणाऱ्यांनी ते टाळावं, कारण आतडं हलतच नसेल तर तो फुगलेला लगदाच अडकतो. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तास ठेवा. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॅग्नेशियमची औषधं आणि फॉस्फेटचा एनिमा विचारल्याशिवाय नको. आणि "पाणी जास्त प्या" हे हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला सरसकट सांगायचं नाही, त्यांचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं.

त्या आजींचं लॅक्टुलोज मार्चमध्ये सुटलं. एप्रिलमध्ये सर्दी झाली आणि नातवाने मेडिकलमधून गोळी आणली. चौथ्या दिवशी पुन्हा खडे. मुलाने फोन करण्याआधी यादी काढली होती. पट्टीवरच्या बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामिन होतं. सर्दीची गोळी थांबली आणि तीन दिवसांत पोट रुळावर आलं. यादीत त्याने आता सहावा रकाना आखलाय: 'पुन्हा द्यायची नाही'. त्यात सध्या दोन नावं आहेत.